चादरीकडचे बेचाळीस चेंडू

खांदा कॉलनीतल्या पद्मजा चित्र्यांना राग यायला वेळ लागत नसे, आणि आलेला राग गिळायची त्यांना सवय नव्हती. दूधवाल्याने माप कमी घातलं, रांगेत कुणी मध्ये घुसलं, कुणी सात आणि आठाची बेरीज चौदा केली, की बाईंचं नाक लाल झालंच म्हणून समजा. त्यातल्या त्यात बेरीज चुकली तर जास्तच. दिवसभर सरकारी कचेरीत बसून तालुक्यातल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी उतरवायच्या, आणि रविवारी पनवेलच्या मैदानावर पत्र्याच्या शेडखाली बसून क्लबच्या सामन्यांचा स्कोअर लिहायचा, असं त्यांचं नऊ वर्षं चाललं होतं.

स्कोअर लिहायला त्या बसल्या त्याही रागावूनच. शहाऐंशी साली चित्रे, म्हणजे त्यांचे यजमान, क्लबचे विकेटकीपर होते. एका सामन्याला बाई डबा घेऊन गेल्या, सहज वहीत डोकावल्या, तर लेगबाय गोलंदाजाच्या नावावर! "अहो, हे काय चालवलंय?" म्हणून त्यांनी त्या माणसाच्या हातातलं पेनच काढून घेतलं. चित्र्यांचा गुडघा गेला, कीपिंग सुटलं, ते रविवारी घरी झोपा काढू लागले. बाई मात्र मैदानावर जातच राहिल्या.

स्कोअरबुकाशिवाय बाईंची स्वतःची एक लांबडी वही असे. त्यात प्रत्येक ओव्हरला एक ओळ. डावीकडे ओव्हरचा नंबर, मग गोलंदाज, मग सहा चेंडू, आणि प्रत्येक चेंडूच्या खाली बॅट्समनचं आद्याक्षर. बॅट्समन डावरा असेल तर ते अक्षर लाल पेन्सिलीने. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पाऊस कुठे किती पडला हे लिहायची सवय झालेल्या माणसाला कुठल्या चेंडूवर कुणी किती धावा काढल्या हे लिहिल्याशिवाय चैन पडत नव्हतं, एवढंच.

त्या लाल अक्षरांतून पंचाण्णव सालच्या जानेवारीत एक तक्ता निघाला. क्लबच्या चाळीस ओव्हरच्या सामन्यांत पहिल्या दहा ओव्हर क्षेत्ररक्षक रिंगणात ठेवावे लागत, आणि शेवटच्या दहांत तर जो तो बॅट फिरवतच असे. मधल्या अकरा ते तीस या वीस ओव्हर फिरकीच्या. त्याच वीस ओव्हरांचा, तीन मोसमांचा हिशेब बाईंनी मांडला. ऑफस्पिनर उजव्या बॅट्समनला कसा, डाव्याला कसा. डावखुरा स्पिनर उजव्याला कसा, डाव्याला कसा. चेंडू किती, धावा किती, विकेट किती.

डावखुरा स्पिनर क्लबात एकच होता, बळीराम घरत. बेलपाड्याचा पोरगा, चोवीस वर्षांचा. गावची शेतं गेली होती, आणि जिथे बापाने भात लावला तिथे उभ्या राहणाऱ्या इमारतींवर हा रेतीची घमेली वाहायचा. अंगावर हाडं आणि हाडांवर कातडी, पण चेंडू सुटला की असा गरगरायचा की मॅटिंगवर टप्पा पडल्याचा आवाजही वेगळा येई. तक्त्यात उजव्या बॅट्समनना त्याने अकराशे चाळीस चेंडूंत सहाशे आठ धावा दिल्या होत्या आणि एक्केचाळीस जण बाद केले होते. ओव्हरला तीन पूर्णांक दोन. सोन्यासारखा आकडा. आणि डाव्यांना? दोनशे सेहेचाळीस चेंडू, दोनशे एकोणऐंशी धावा, विकेट फक्त तीन. ओव्हरला जवळजवळ सात!

ऑफस्पिनर दत्ताचं उलटं. तो उजव्यांना पाचच्या वर धावा द्यायचा, पण डाव्यांना बरोबर चार, आणि बारा विकेट.

बाईंना काही खटकलं नाही. खटकणार कसं? क्रिकेट कळणारा कुणीही हेच सांगेल. ऑफस्पिनरचा चेंडू डाव्या बॅट्समनपासून बाहेर वळतो, त्याला मारणं अवघड. डावखुऱ्या स्पिनरचा चेंडू डाव्याच्या अंगात येतो, वळणाबरोबर लेगला झोडता येतो. पुस्तकात हेच, आणि तक्त्यातही हेच. बाई खूश झाल्या. नऊ वर्षं चेष्टा करणाऱ्यांना दाखवायला काहीतरी हातात आलं होतं.

क्लबचे सेक्रेटरी कमलाकर वैद्य तर हरखलेच. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. चष्मा कपाळावर, आवाज माडीवरून बोलल्यासारखा. "वहिनी, ही वस्तू मुंबईच्या क्लबांकडेसुद्धा नसेल!" असं म्हणून त्यांनी तक्ता टाइप करून घेतला, चक्रमुद्रित प्रती काढल्या, आणि खाली छापलं, 'संकलन : सौ. पद्मजा चित्रे'. स्वतःचं नाव टाइप झालेलं पाहून बाईंना जे वाटलं ते त्यांनी चित्र्यांनासुद्धा सांगितलं नाही. प्रत मात्र देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवली.

मार्च महिन्यात क्लब फायनलला पोचला. समोर उरणचा संघ, करंज्याकडच्या मुलांचा. त्यांचे चौथ्या आणि पाचव्या नंबरचे दोघेही डावरे, दोघेही हाणणारे. आणि त्या सामन्याला तळोज्याच्या एका रसायन कंपनीचे क्रीडा अधिकारी सोनटक्के येणार होते. कंपनीला आपल्या संघासाठी एक स्पिनर हवा होता. घेतला तर पगारी, कायमची नोकरी. दत्ताला बापाचं दुकान होतं, त्याला फरक पडत नव्हता. बळीरामचं अख्खं घर त्या एका रविवारकडे डोळे लावून बसलं होतं. आईने त्याच्यासाठी पांढरी पँट दोनदा धुतली होती.

बुधवारी संध्याकाळी मैदानावरच बैठक झाली. कमलाकररावांनी तक्ता उघडला, चष्मा नाकावर घेतला आणि निकाल वाचावा तसं वाचलं. "उजवे खेळत असतील तोवर बळीराम. डावरा आला की बळीराम बंद. दत्ताने टाकायचं. आकडे स्पष्ट आहेत. सोनटक्क्यांनाही मी ही प्रत देणार आहे. त्यांनाही कळू दे, आपण शास्त्रशुद्ध चालतो."

कॅप्टन इंद्रजीत मान डोलावत राहिला. पंचवीस वर्षांचा, शिकलेला मुलगा, पण कमलाकररावांपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

बळीराम मॅटिंगची गुंडाळी खांद्यावर घेऊन मागे उभा होता. त्याने सगळं ऐकलं. गुंडाळी शेडमध्ये टाकून आला आणि जाता जाता बाईंना म्हणाला, "तुमी लिवलंय म्हंजी तसाच असल, ताई."

बस्स, एवढंच. वाद नाही, रडगाणं नाही. बाईंना वाटलं, यापेक्षा ह्याने तोंडावर दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं! त्या घरी आल्या, कुकर लावला, शिट्ट्या मोजायच्या विसरल्या. चित्रे म्हणाले, "भात करपला."

"करपू दे!" बाई कडाडल्या. "एका पोराची नोकरी जातेय माझ्या सहीने, आणि तुम्हाला भात सुचतोय!"

"मग बघ की पुन्हा. वह्या आहेत ना?"

चित्र्यांचं हे असं. वर्षातून चार वाक्यं बोलायचे, त्यातलं एक नेमकं बसायचं.

गुरुवारी बाईंनी लांबड्या वह्या पिशवीत घालून कचेरीत नेल्या. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून डाव्यांची लाल अक्षरं आणि बळीरामचं नाव जिथे जिथे एका ओळीत होतं, त्या सगळ्या ओळी काढायला बसल्या. काढता काढता समासातल्या बारीक नोंदींकडे लक्ष गेलं. 'चेंडू हरवला, शाळेची भिंत.' पुढच्या सामन्यात पुन्हा, 'चेंडू हरवला, शाळा.' पुन्हा. डाव्यांनी बळीरामला मारलेले असे सात चेंडू, आणि सातही शाळेच्या भिंतीपलीकडे. एकही दुसऱ्या बाजूला नाही!

मैदानाची ती भिंत जवळ होती. कुणी मोठा माणूस पावलं टाकत गेला तर विकेटपासून पंचावन्न पावलांत पोचेल. समोरची बाजू, जिकडे गवत आणि डबकं, ती नव्वद पावलांची. हे काय, सगळ्या पनवेलला माहीत होतं.

बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी त्या सात ओळींचे ओव्हरचे नंबर पाहिले. बारा, चौदा, अठरा, बावीस, चौदा, वीस, सोळा.

सगळे सम!

आता इथे क्लबची एक रीत सांगायला हवी, नाहीतर बाई खुर्चीवरून ताडकन का उठल्या ते कळायचं नाही. गोलंदाजाचा हात बॅट्समनला नीट दिसावा म्हणून त्याच्या मागे पांढरा पडदा लागतो. मोठ्या मैदानांवर दोन असतात. क्लबाकडे एकच होता, दोन बांबूंना बांधलेली एक भली थोरली चादर. ती नेहमी एकाच टोकाला. नवा चेंडू, ताजा फास्ट बोलर, म्हणून प्रत्येक डावाची पहिली ओव्हर चादरीकडून टाकायची हा पंच दाजींचा नियमच होता, आणि दाजींपुढे कुणाचं काही चालत नसे. पहिली चादरीकडून, दुसरी गेटकडून, तिसरी पुन्हा चादरीकडून. म्हणजे विषम नंबरची प्रत्येक ओव्हर चादरीकडची, सम नंबरची गेटकडची. टोक कुठलं हे बाईंनी कधीच लिहिलं नव्हतं, पण न लिहिताही ते प्रत्येक ओळीच्या डोक्यावर बसलेलं होतं!

गेटकडून टाकलेल्या चेंडूला उजव्या बॅट्समनची लेग म्हणजे डबक्याची, लांबची बाजू. डाव्याची लेग म्हणजे शाळेची भिंत. चादरीकडून टाकलं की बरोबर उलट. बळीरामला कायम गेटकडून टाकायला लावत, कारण बहुतेक बॅट्समन उजवे आणि उजव्यांना तिकडून मारायला लांब पडे. ते ठीकच होतं. पण डावरा आला तरी बळीराम तिथेच! चेंडू अंगात येतोय, आणि पुढे पंचावन्न पावलांवर भिंत. चित्र्यांनी दुखऱ्या गुडघ्यावर उभं राहूनही सिक्स मारली असती!

शुक्रवारी दुपारपर्यंत बेरजा झाल्या. डाव्यांना गेटकडून दोनशे चार चेंडू, दोनशे अठ्ठावन्न धावा, एक विकेट. ओव्हरला साडेसातच्या वर. डाव्यांना चादरीकडून बेचाळीस चेंडू, एकवीस धावा, दोन विकेट. ओव्हरला तीन.

मग दत्ताचं पाहिलं. बळीरामला गेट दिल्यावर त्याच्या वाट्याला उरलेली चादर येई, म्हणून डाव्यांना त्याने तीनशे बारापैकी दोनशे सत्तर चेंडू चादरीकडून टाकले होते, ओव्हरला तीन पूर्णांक सहा. गेटकडून टाकलेल्या बेचाळीस चेंडूंत मात्र सेहेचाळीस धावा. म्हणजे गेटकडून डाव्यांनी त्यालाही धुतलं होतं. बळीरामपेक्षा थोडं कमी, पण धुतलं होतंच.

"मेला चेंडू वळतो कुठे हेच बघत बसलो सगळे," बाई मोठ्याने म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरचा कारकून दचकला.

बेचाळीस चेंडू म्हणजे फक्त सात ओव्हर. तेवढ्यावरून बळीराम डाव्यांचा काळ आहे असं म्हणता येत नाही, हे बाईंना कळत होतं, आणि त्यांनी नव्या तक्त्याखाली तसं स्वच्छ लिहिलंही. पण तो डाव्यांना चालत नाही, असं म्हणण्याचा अधिकार मात्र कुणालाच उरला नव्हता. जुना तक्ता बळीरामचा नव्हताच. तो भिंतीचा होता.

नवा तक्ता त्यांनी कार्बन घालून दोन प्रतींत लिहिला आणि शनिवारी सकाळी कमलाकररावांचं घर गाठलं. कमलाकरराव झोपाळ्यावर होते. कागद त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिला.

"वहिनी, आता आयत्या वेळी हे काय?"

"आयत्या वेळी नाही, उशिरा. चूक माझी. टोकाचा रकाना घालायला हवा होता. पण ती बुधवारची प्रत सोनटक्क्यांना देऊ नका."

"आकडे तुमचेच होते ना?"

"माझेच. हेही माझेच."

कमलाकरराव हसले. समजूतदार माणूस हसतो तसे. "हे बघा, मुलगा गरीब आहे, तुम्हाला त्याची कणव येते, मला समजतं. पण कणव आली म्हणून आकडे असे दुसऱ्या कुशीवर वळवायचे का? मग त्या तक्त्याला अर्थ काय राहिला?"

बाईंच्या कानशिलात झण्ण झालं. नऊ वर्षांत एक बाय इकडची तिकडे झाली नव्हती! चित्र्यांचा स्वतःचा कॅच सुटला तेव्हा बाईंनी तो वहीत लिहिला होता, आणि घरी दोन दिवस अबोला सोसला होता. आणि हा माणूस झोपाळ्यावर बसून म्हणतो, आकडे वळवले?

"कमलाकरराव," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका खाली आला की वैद्यवहिनी स्वयंपाकघरातून डोकावल्या, "ओव्हरचा नंबर सम की विषम हे तरी बँकेत शिकवलं असेल ना तुम्हाला? मोजून बघा. वह्या ठेवून जाते."

"वह्या नकोत. बघतो मी." त्यांनी कागदाची चौघडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. खिशावर हात थोपटला. बाईंना कळलं, तो कागद आता धोब्याकडेच उघडणार.

रविवारी सामन्याआधी, टॉस व्हायच्या आत, त्यांनी कार्बनची प्रत इंद्रजीतच्या हातात दिली. "हे वाच. एकदा सामना सुरू झाला की मी तुला एक अक्षर सांगणार नाही. स्कोअरर कुणाचा नसतो."

"काकू, पण कमलाकरकाका..."

"वाच म्हटलं ना!"

त्याने घाईघाईने कागद टोपीत सरकवला. कमलाकरराव तिकडूनच येत होते, सोनटक्क्यांना घेऊन.

क्लबने एकशे सत्त्याऐंशी केल्या. उरणचा डाव सुरू झाला. आठवी, दहावी, बारावी, चौदावी, अशा गेटकडून चार ओव्हर बळीरामने टाकल्या, उजव्यांना. नऊ धावा, दोन विकेट. सोनटक्क्यांनी खिशातून डायरी काढलेली बाईंनी शेडमधून पाहिली. तिसरी विकेटही पडली, आणि मैदानात चौथा आणि पाचवा नंबर एकत्र आले. दोघेही डावरे.

कमलाकररावांनी सीमेवरून हात वर केला. इंद्रजीतने बळीरामकडून चेंडू घेतला.

आणि गंमत बघा, शास्त्रशुद्ध माणसाची! दत्ताला बळीरामच्या जागी आणलं, म्हणजे गेटकडून. तिकडून भिंत आपली पंचावन्न पावलांवरच. सोळावी, अठरावी, विसावी. तीन ओव्हर, सत्तावीस धावा, एक चेंडू शाळेच्या व्हरांड्यात. बाई लाल पेन्सिलीने लिहीत होत्या आणि पेन्सिलीचं टोक तीनदा मोडलं. शेजारी बसलेला उरणचा स्कोअरर म्हणाला, "बाई, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय! चार लिहा, चौकार होता."

वीस ओव्हरला पाणी आलं. तीन बाद एकशे चार. वीस ओव्हरांत चौऱ्याऐंशी हव्या होत्या. सोनटक्के उठले, घड्याळ पाहिलं. कमलाकररावांनी त्यांच्या फायलीत टाइप केलेला कागद सरकवला, बोट ठेवून काहीतरी समजावलं. सोनटक्क्यांनी मान हलवली, स्कूटरला किक मारली आणि ते निघून गेले.

बाई जागच्या जागी बसल्या होत्या. उठून ओरडावं, त्या स्कूटरच्या पुढे आडवं व्हावं, असं त्यांना वाटलं. पण समोर वही उघडी होती, आणि सामना चालू होता.

इंद्रजीत शेडशी आला. टोपी काढून घाम पुसला, टोपीतला कागद ओला झाला होता. त्याने तो उघडून वाचला, तिथेच उभ्याने. मग विचारलं, "काकू, बळीरामच्या किती उरल्या?"

"चार."

आणखी काही तो विचारणार होता. बाईंनी वहीत डोकं घातलं.

तेविसावी ओव्हर. इंद्रजीतने चेंडू बळीरामकडे टाकला आणि चादरीकडे बोट दाखवलं. सीमेवरून कमलाकरराव ओरडले. इंद्रजीतने ऐकलं नाही असं केलं. आयुष्यात पहिल्यांदा केलं असेल. बळीरामने लांबच्या बाजूला दोन माणसं मागे धाडली, डबक्याच्या कडेला, आणि पाचवा चेंडू मुद्दाम वर सोडला. डाव्याने गुडघा टेकून वळणाबरोबर हाणला. शाळेकडे असता तर छप्पर फुटलं असतं. इकडे तो चेंडू नव्वद पावलं कापता कापता दमला आणि सरळ हातात पडला.

दुसरा डावरा सत्ताविसाव्या ओव्हरमध्ये गेला, त्याच जागी, तसाच. चादरीकडून चार ओव्हर, अकरा धावा, दोन विकेट. एकूण आठ ओव्हर, वीस धावा, चार विकेट. क्लब नऊ धावांनी जिंकला. पोरांनी बळीरामला खांद्यावर घेतलं. तो वरून गेटकडे बघत होता. स्कूटर उभी होती तिथे आता कुणीतरी सायकल लावली होती.

कमलाकररावांनी बक्षीस समारंभात सांगितलं, "आपल्या तक्त्यामुळे विजय मिळाला." बाईंना आपण हे खरंच ऐकलं का, असं वाटलं.

सोमवारी त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली. तीन वर्षांच्या वह्या आणि स्कोअरबुकं कापडी पिशवीत घातली आणि एसटीने तळोजा गाठलं. कंपनीच्या गेटवर पहारेकऱ्याने अडवलं. भेट ठरलीय का? नाही ठरली. मग बसा. बाई बसल्या. एक तास, दीड तास. रासायनिक वासाने डोकं चढलं. शेवटी पहारेकऱ्यालाच त्यांच्या चेहऱ्याची भीती वाटली असावी, त्याने आत फोन केला.

सोनटक्क्यांनी खुर्ची दिली. समोर फायलीत तो टाइप केलेला कागद होताच.

"हा मी केलाय," बाई म्हणाल्या. "खाली नाव आहे. तो चुकीचा आहे."

मग वह्या उघडल्या. सम ओव्हर, विषम ओव्हर, चादर, भिंत. सोनटक्के खेळलेला माणूस, दहा मिनिटांत समजला. रविवारचं पान त्याने दोनदा वाचलं. मी गेल्यावर हे झालं? हो, तुम्ही गेल्यावर. तो जरा ओशाळला. मग पाठ टेकून म्हणाला, "मॅडम, ऑफिस टाकून इतक्या लांब आलात. हा मुलगा तुमचा कोण?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. "माझी चूक आहे तो."

गुरुवारी कंपनीच्या मैदानावर बळीरामची चाचणी झाली. तिथे दोन्ही बाजू सारख्या, भिंत नाही, आणि समोर मुद्दाम दोन डावरे ठेवलेले. तासभर त्याने टाकलं. थोडा मार खाल्ला, बराच दिला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून ये, असं पत्र आलं.

पत्र घेऊन तो खांदा कॉलनीत आला. आईने दिलेली सुक्या जवळ्याची पुडी त्याने टेबलावर ठेवली आणि स्टुलाच्या अगदी कडेवर बसला. बाईंना आनंद झाला होता, आणि आनंद झाला की त्या रागावत. त्यांनी कमलाकररावांना धुतलं, इंद्रजीतला धुतलं, दाजींना सोडलं नाही, आणि शेवटी बळीरामकडे वळल्या.

"आणि तू रे? तीन वर्षं त्या भिंतीवर मार खात होतास. हात तुझा, चेंडू तुझा. तुला कळत नव्हतं? तोंड शिवलं होतं का? एकदा तरी सांगायचंस कुणाला!"

बळीराम पत्राची घडी नीट करत राहिला.

"सांगितला होता, ताई. पयल्याच वर्साला. कॅप्टनला नाय, तुमालाच. तुमी वही लिवत होता. मी बोललो, डावरा आला का मना चादरीकडून द्याला सांगा." तो जरा हसला, राग नव्हता त्याच्या तोंडावर. "तुमी हसलात. बोललात, आधी टप्पा नीट टाक."

आठवलं बाईंना. लख्ख आठवलं. शेजारी कुणीतरी हसलं होतं, आणि त्याही हसल्या होत्या. समासात हरवलेला चेंडू लिहिला होता, आणि हे लिहिलं नव्हतं.

बळीराम गेल्यावर चित्रे बाहेरच्या खोलीतून आले, तर बाई टेबलाशी बसलेल्या. ब्याण्णवची वही उघडी होती. त्यातला बळीरामचा पहिला सामना त्यांनी शोधून काढला होता, चौदावी ओव्हर. समासात जागा कमी होती, म्हणून पान आडवं फिरवून त्या बारीक अक्षरात, आजची तारीख घालून, लिहीत होत्या : 'गोलंदाजाने चादरीकडचं टोक मागितलं. स्कोअररने ऐकलं नाही.'